सामाजिक करार: सही नक्की केली कोणी? असाइनमेंट परत आलंय, मदत करा

कर्वेरोडवाली
नमस्कार मंडळी. एमए राज्यशास्त्र, पहिलं वर्ष. विषय होता "राज्यसंस्थेच्या अधिसत्तेचं समर्थन म्हणून सामाजिक करार सिद्धांतांची तुलना करा", मर्यादा २५०० शब्द. मी हॉब्ज, लॉक, रूसो तिघांवर दोन-दोन पानं लिहिली, राज्य नसतानाची निसर्गावस्था कशी, करार कोणाकोणात, सार्वभौम कोण, आणि शेवटी एक छानसा तक्ता. सरांनी लाल पेनने एकच ओळ लिहून परत दिलं: "ही तीन टिपणं झाली, तुलना कुठंय? आणि समर्थन कशाचं?" सोमवारी परत द्यायचंय. तक्त्यात सगळं आहे तरी तुलना नाही म्हणजे काय तेच कळेना. कोणी सांगेल का?

भिडू_एमपीएससी
सोप्पंय. हॉब्जला लढाई दिसली म्हणून त्याने राजाला सगळे अधिकार दिले, लॉकने १६८८ च्या क्रांतीचं समर्थन करायला पुस्तक लिहिलं म्हणून मर्यादित राज्य, रूसो फ्रेंच राज्यक्रांतीचा बाप म्हणून जनता सार्वभौम. तिघांचा काळ वेगळा म्हणून उत्तर वेगळं. ही लाइन धरून लिही, मार्क मिळतात.

बिनहेल्मेट
मी तर म्हणतो असला करार झालाच नाही. परवा नळस्टॉपला हेल्मेट नाही म्हणून चलन आलं, मी कुठे सही केलीय की सरकार सांगेल तेव्हा डोक्यावर भांडं घालीन? पुणेकराने हेल्मेटला संमती दिल्याचा एक तरी पुरावा दाखवा.

जुनाखडू
बिनहेल्मेटराव, तुम्ही चेष्टेत बोललात पण असाइनमेंटचा प्रश्न तोच आहे, फक्त हेल्मेट काढून.

कर्वेरोडवाली, तुमच्या सरांचं बरोबर आहे. तक्त्यात तुम्ही तिघांची वैशिष्ट्यं शेजारीशेजारी ठेवलीत, पण तिघांना एकच प्रश्न विचारलेला नाही, आणि त्याशिवाय तुलना होत नाही. त्यातून "समर्थन" या शब्दात दोन प्रश्न गुंतलेत, ते आधी सोडवा. एक म्हणजे राज्यसंस्था असणं नसण्यापेक्षा बरं का. दुसरा म्हणजे या राज्यसंस्थेला मला हुकूम करायचा अधिकार आला कुठून, आणि मी तो पाळायला बांधील का.

माझ्या लहानपणी आमच्या पेठेत रात्री गुरखा शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरायचा आणि एक तारखेला दारात पैसे मागायला उभा. चोऱ्या कमी झाल्या हे सगळ्यांना मान्य. पण आमचे शेजारी म्हणायचे, मी याला बोलावलं नव्हतं, मी का देऊ? तर गुरखा असणं चांगलं, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. शेजाऱ्यांनी पैसे देणं लागतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कितीही भक्कम असलं तरी त्यातून दुसऱ्याचं आपोआप निघत नाही, आणि करारवाले संमती आणतात ती ही फट बुजवायला. म्हणून तिघांनाही एकच विचारा: संमती कोणी दिली, आणि दिली हे कळतं कशावरून?

भिडू, लॉकबद्दल जरा थांबा. पुस्तक छापलं गेलं १६८९ मध्ये, क्रांतीनंतर, आणि प्रस्तावनेत त्याने नव्या राजाचं नाव घेतलंय हे खरं. पण पीटर लॅस्लेट यांनी १९६० च्या त्यांच्या आवृत्तीत दाखवलं की बराचसा मजकूर त्याआधीच, १६८० च्या आसपास लिहिलेला होता. म्हणजे झालेल्या क्रांतीचं समर्थन नव्हे, तेव्हा व्हायची होती ती.

भिडू_एमपीएससी
ओके काका, क्लासच्या नोट्समध्ये उलटं आहे. पण परीक्षेत नोट्सचंच लिहिणार मी, रिस्क नको.

सोसायटीसेक्रेटरी
गुरख्याच्या उदाहरणावरून राहवलं नाही म्हणून लिहितोय. कोथरूडला आमची ४२ फ्लॅटची सोसायटी, मी तीन वर्षं सेक्रेटरी, म्हणजे कोणी दुसरा तयार नाही म्हणून मी. एका फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. जनरल बॉडीत ठराव झाला की रात्री दहानंतर गच्ची बंद. हे गृहस्थ म्हणतात मी मेंबर नाही, मी मीटिंगला नव्हतो, मला तुमचा ठराव लागू नाही. मी म्हटलं अहो तुम्ही इथे राहता, लिफ्ट वापरता, पाणी वापरता, म्हणजे मान्यच केलंत ना? आता बायको म्हणते मी चुकलो. कोण बरोबर?

जुनाखडू
सेक्रेटरीसाहेब, तुम्ही नकळत लॉक बोललात. त्याच १६८९ च्या पुस्तकातल्या दुसऱ्या प्रबंधातलं ११९ वं कलम. संमती दोन प्रकारची, उघड आणि मूक. उघड म्हणजे स्पष्ट शब्दांत दिलेली. मूक म्हणजे त्या राज्याच्या हद्दीतली कुठलीही गोष्ट उपभोगणं, मग ती वंशपरंपरेची जमीन असो, आठवडाभराची खोली असो, किंवा नुसतं रस्त्यावरून मोकळेपणी जाणं असो. कात्रज बायपासवरून बेंगळुरूला निघालेला ट्रक ड्रायव्हर, जो पुण्यात चहालासुद्धा थांबला नाही, त्यानेही तेवढ्या वेळापुरती मूक संमती दिली. तुमचे भाडेकरू तर राहतातच.

पण पुढचं वाचा, बहुतेकांच्या नोट्समध्ये ते नसतं. १२१ मध्ये तो म्हणतो मूक संमती देणारा माणूस मालमत्ता सोडून निघून जायला मोकळा, उघड दिलेला मात्र कायमचा बांधला. आणि १२२ मध्ये, की नुसतं राहिल्याने आणि कायदे पाळल्याने कोणी त्या समाजाचा सभासद होत नाही. आता ही कात्री बघा. बहुतेक लोकांनी उघड संमती कधीच दिलेली नाही, मूक तेवढी दिली. मग लॉकच्याच हिशोबाने आपण बहुतेक सगळे आपल्या देशात भाडेकरू ठरतो, मेंबर नाही! असाइनमेंटमध्ये हे लिहिलंत तर सर खूष होतील.

कर्वेरोडवाली
थांबा थांबा, म्हणजे सेक्रेटरीकाका बरोबर का भाडेकरू? आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की "इथे राहतोस म्हणजे मान्य केलंस" हे कोणीही म्हणू शकतं ना? उद्या मी आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून म्हणेन, या जिन्यावरून जो गेला त्याने मला दहा रुपये द्यायचं मान्य केलं. त्याआधी जिना माझा असायला पाहिजे. तसं राज्यसंस्थेने हद्द तिची आहे हे आधी सिद्ध करायला नको? आणि ते सिद्ध करायलाच तर आपण संमती वापरतोय, गोल गोल फिरतंय हे.

जुनाखडू
तुम्हाला आता तक्ता लागणार नाही. मूक संमतीवरचा सगळ्यात जड आक्षेप हाच.

लॉककडे यावर उत्तर आहे, १२० मध्ये. मूळ लोक समाजात आले ते जमिनीसकट आले, त्यांनी आपली मालमत्ताही त्या समाजाच्या ताब्याखाली दिली, म्हणून पुढे जो कोणी ती जमीन घेईल, वारशाने किंवा विकत, त्याने ती अट मानूनच घ्यायची. सोसायटीत फ्लॅट रीसेलला घेताना उपविधी चिकटूनच येतात, नवा मालक म्हणू शकत नाही की मी बिल्डरशी बोललोच नव्हतो. तेव्हा सोसायटीला "इथे राहायचं तर अशा अटी" म्हणायचा अधिकार आहे, कारण इमारत खरंच मेंबरांची आहे, आणि भाडेकरूने मालकाकडून जागा घेतली ती त्या अटींसकट. गच्चीबाबत सेक्रेटरी बरोबर. राज्यसंस्थेबाबत मात्र ही साखळी मागे नेत गेलात तर पहिली कडी कुठे सापडते? बहुतेक ठिकाणी सापडते लढाई.

सोसायटीसेक्रेटरी
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते "गच्चीबाबत" हा शब्द परत वाचा.

मेघना_सहकारनगर
पण मूळ मुद्दा राहिला की. भाडेकरू सोडून जाऊ शकतो म्हणून त्याच्या राहण्याला काही अर्थ आहे. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन बघा, जिन्याखालच्या खोलीत बायको आणि दोन पोरांसह राहतो, गावाकडे शेत नाही, जेमतेम पगार. कमिटी त्याला म्हणते पटत नसेल तर जा. जाईल कुठे? त्याच्या राहण्याला संमती म्हणायचं?

जुनाखडू
डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ च्या निबंधात नेमका हाच माणूस उभा केलाय. गरीब शेतकरी किंवा कारागीर, परकी भाषा येत नाही, रोजच्या मजुरीवर जगतो, त्याला देश सोडायचं स्वातंत्र्य आहे असं म्हणायचं म्हणजे, झोपेत जहाजावर उचलून आणलेल्या माणसाला म्हणायचं की तू जहाजावर आहेस म्हणजे कप्तानाला मानलंस, नसेल मानायचं तर मार समुद्रात उडी.

आता याच जहाजावर तिघांनाही बसवा, तुलना तिथे होते.

लॉक बुडतो, किंवा निदान गटांगळ्या खातो, कारण त्याला मोकळेपणी दिलेली संमती हवीय आणि जहाजावर मोकळीक नाही.

हॉब्जला काही होत नाही! तो म्हणेल, जाग आल्यावर उडी मारली नाहीस ना, मग झाली संमती. त्याच्या लेखी भीतीपोटी दिलेलं वचन हेही वचनच. लेव्हायथनच्या १४ व्या प्रकरणात तो सरळ म्हणतो की निसर्गावस्थेत जीव वाचवायला शत्रूला खंडणी कबूल केलीत तर ती देणं लागता. हा कोरडा तर्क नव्हता बरं का. १६४९ मध्ये राजाचं मुंडकं उडवलं, आणि १६५० पासून इंग्लंडमधल्या प्रौढ पुरुषांना शपथ घ्यायला लावली की राजा आणि उमरावांचं सभागृह नसलेल्या या राज्याशी मी एकनिष्ठ राहीन. राजाला आधी दिलेल्या शपथेचं काय करायचं म्हणून लोक हैराण. १६५१ मध्ये हॉब्जचं हेच पुस्तक आलं, त्याचं सांगणं असं की जो तुमचा जीव राखतो त्याला मान्यता दिल्यात काही गैर नाही. बिनहेल्मेटरावांना हवी तशी खरी सही इतिहासात एकदा तरी मागितली गेली ती अशी.

बिनहेल्मेट
म्हणजे हॉब्जच्या हिशोबाने गल्लीतला भाई हप्ता घेतो तोही सरकारच?

जुनाखडू
मोठ्या भाईच्या वर कोणी नसेल तर जवळजवळ हो. हीच त्या सिद्धांताची किंमत. कोणतंही राज्य चालेल, लढून आलेलं असो की ठरवून आलेलं. बदल्यात हॉब्ज एकच गोष्ट मागतो, संरक्षण. सार्वभौमाची संरक्षण करायची ताकद आहे तोवरच प्रजा बांधील, २१ वं प्रकरण. आणि फाशीची शिक्षा झालेला माणूससुद्धा जीव वाचवायला झटापट करू शकतो, त्यात अन्याय नाही, असं तो म्हणतो. भिडूच्या "राजाला सगळे अधिकार दिले" यात हे बसत नाही. बाकी सार्वभौम त्या करारात पक्षच नसतो, करार लोकांचा आपसात, म्हणून "राजाने करार मोडला" असं कोणाला म्हणताच येत नाही. लॉकशी खरा फरक तिथे.

भिडू_एमपीएससी
आणि रूसो? सामूहिक ईहा लिहिली की झालं ना?

मेघना_सहकारनगर
रूसोचं जहाजावर काय होतं ते मी लिहू का, एमएला माझा तोच पेपर होता, जुना राग आहे. लोक त्याचं एकच वाक्य धरतात, माणसाला स्वतंत्र व्हायला भाग पाडायचं, आणि पुढे जातात. पण "सामाजिक करार" हे १७६२ चं, ह्यूमनंतर चौदा वर्षांनी आलेलं, आणि चौथ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात तोही म्हणतो की एकदा राज्य स्थापन झालं की तिथे राहणं म्हणजे संमती. वाचून वाटतं झालं, हाही लॉकच. पण खाली तळटीप आहे! त्यात तो म्हणतो हे फक्त मुक्त राज्याबद्दल, कारण इतर ठिकाणी घरदार, मालमत्ता, दुसरीकडे आसरा नसणं, गरज किंवा जबरदस्ती यांमुळे माणूस मनाविरुद्ध राहू शकतो, आणि मग नुसत्या राहण्यावरून त्याने कराराला संमती दिली असं धरता येत नाही. म्हणजे आमच्या वॉचमनची सोय रूसोने तळटिपेत केली होती.

पण मग त्याच्या हिशोबाने राहण्याला अर्थ तेव्हाच जेव्हा कायदा करण्यात तुमचा स्वतःचा हात असेल. आणि प्रतिनिधी त्याला चालत नाहीत, इंग्रज लोक फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र, नंतर गुलाम, असं म्हणून ठेवलंय. सेक्रेटरींच्या ४२ फ्लॅटच्या जनरल बॉडीत रूसो चालेल, पुणे शहरात कसा चालवायचा? त्याचं मुक्त राज्य कुठेच नसेल तर कोणीच बांधील नाही, असं होतं का? मला वाटतं होतं.

जुनाखडू
+१. तळटीप मी विसरलो होतो. शेवटच्या निष्कर्षाशी मात्र सहमत नाही. रूसोचा रोख "कोणीच बांधील नाही" असा नाही, असं राज्य घडवायला काय लागेल असा आहे.

मेघना_सहकारनगर
काका, ते तुमचं उदार वाचन झालं. जे आहे त्या राज्यात आज मी बांधील का, याचं उत्तर तो टाळतो.

सोसायटीसेक्रेटरी
आमची जनरल बॉडी बघितली असती तर रूसोने पुस्तक मागे घेतलं असतं. पार्किंगच्या ठरावात ४२ जणांनी ४२ आपापल्या गाड्यांचा विचार केला.

मेघना_सहकारनगर
ते तर त्याला माहीत होतं. प्रत्येकाने आपली गाडी बघून दिलेल्या मतांची बेरीज वेगळी, आणि इमारतीला काय बरं याचा विचार करून दिलेलं मत वेगळं. नुसत्या बेरजेला तो सामूहिक ईहा म्हणतच नाही. बाहेर बसून कोणती झाली हे ओळखायचं कसं, ते मात्र त्यालाही नीट सांगता आलं नाही.

पोथीवाचक
थोडं अवांतर. करार म्हटलं की सगळे इंग्लंडला का जातात? दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञ सुत्तात लोक भातावरून भांडायला लागतात, चोऱ्या सुरू होतात, तेव्हा ते एका लायक माणसाला निवडतात की तू चुकणाऱ्याला दंड कर, आम्ही तुला भाताचा वाटा देऊ. तो महासंमत. इथे राजा करारात पक्ष आहे, काम आणि मोबदला. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायात मोठा मासा लहानाला खातो त्या मात्स्यन्यायाला कंटाळून लोकांनी मनूला राजा केलं, धान्याचा सहावा आणि मालाचा दहावा भाग ठरवून दिला, असं येतं. गंमत म्हणजे ही गोष्ट सांगतं कोण? राजाचे गुप्तहेर. गर्दीत दोघांनी मुद्दाम वाद घालायचा, एकाने राजाला नावं ठेवायची आणि दुसऱ्याने ही गोष्ट सांगून त्याला गप्प करायचं.

कर्वेरोडवाली
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!! म्हणजे कौटिल्याला करार खरा झाला का याच्याशी देणंघेणंच नाही, लोकांनी मानलं की काम झालं. हे घालू का असाइनमेंटमध्ये?

जुनाखडू
एक परिच्छेद, जास्त नाही. पण "भारतातही करार सिद्धांत होता" एवढ्यावर संपवू नका. समर्थन करणं आणि लोकांच्या गळी उतरवणं यातला फरक दाखवायला वापरा.

भिडू_एमपीएससी
मला एक कळत नाही, खरी संमती सापडतच नाही तर काल्पनिक धरा ना. शहाण्या माणसाने दिली असती, असं. कांट, रॉल्स. प्रश्न मिटला.

कर्वेरोडवाली
गुरखा! शेजाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं, म्हणून त्यांनी पैसे द्यायचे? विचारलंच नाही ना पण. "दिली असती" म्हणजे "दिली" नाही.

जुनाखडू
रोनाल्ड ड्वॉर्किन यांचाही आक्षेप याच धाटणीचा, काल्पनिक करार हा फिका करार नव्हे, तो करारच नव्हे. भिडू, रॉल्सचा विचार केलात हे मात्र बरं. फक्त १९७१ च्या पुस्तकात रॉल्स स्वतःच सांगतात की सर्वसामान्य नागरिकांवर संमतीतून आलेलं बंधन असं नसतंच, न्याय्य संस्थांना साथ देणं हे नैसर्गिक कर्तव्य आहे. म्हणजे त्यांचा करार न्यायाची तत्त्वं निवडायला आहे, मला बांधायला नाही. त्यावर जॉन सिमन्स विचारतात, न्याय्य संस्थांना साथ द्यायची तर माझ्याच देशाच्या का, शेजारचा देशही न्याय्य असेल तर कर तिकडे भरू का? याला पटेल असं उत्तर मी शिकवताना कधी देऊ शकलो नाही, आताही देत नाही.

बिनहेल्मेट
सगळं वाचलं. माझा मुद्दा सिद्ध झाला, संमती नाही, चलन रद्द.

मेघना_सहकारनगर
लायसन्सच्या फॉर्मवर सही कोणी केली होती? ती तर उघड संमती झाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ हेल्मेटचं, तुम्ही त्याच कायद्याखाली लायसन्स मागितलंत.

बिनहेल्मेट
ती सही गाडी चालवायला मिळावी म्हणून होती हो. लायसन्स नसतं तर चालवूच दिली नसती.

जुनाखडू
हे बरोबर बोललात, पहिल्यांदाच. लायसन्सवरची सही लायसन्सच्या अटींना बांधते. पण लायसन्स देणाऱ्याला मुळात "माझ्या परवानगीशिवाय चालवू नकोस" म्हणायचा हक्क कुठून, ते त्या सहीने सिद्ध होत नाही. परत जिन्यातल्या दहा रुपयांवर आलो. पण संमती नाही म्हणजे कायदा पाळायचं काहीच कारण नाही, असं सिमन्ससुद्धा म्हणत नाहीत. दुसऱ्याला इजा न करणं वगैरे कारणं संमतीवाचूनही उरतात.

बिनहेल्मेट
डोकं माझं फुटणार, दुसऱ्याला इजा कुठली?

मेघना_सहकारनगर
तो वेगळा धागा काढा प्लीज.

कर्वेरोडवाली
अपडेट. तक्ता काढून टाकला. सुरुवात गुरख्यापासून केली, दोन प्रश्न वेगळे केले, मग ह्यूमचं जहाज आणि त्यावर तिघं. माझं म्हणणं असं मांडलंय की हॉब्ज पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात चांगलं देतो आणि दुसऱ्याचं देताना संमती शब्दच इतका स्वस्त करतो की नाही म्हणायला जागाच उरत नाही. लॉकची संमती महाग आहे म्हणून बहुतेकांकडे ती नाहीच. रूसोला दोन्ही कळतं पण त्याचं राज्य सापडत नाही. मेघनाताई आणि काकांचा वाद "मतभेद आहेत" असं लिहून तसाच ठेवलाय. अडचण एकच, ३१०० शब्द झालेत. काय कापू?

जुनाखडू
निसर्गावस्थेची वर्णनं. तिन्ही कापा. सरांना ती पाठ आहेत.

कर्वेरोडवाली
कापली. २६४० वर आले.

सोसायटीसेक्रेटरी
इकडे भाडेकरूंनी काल रात्री साडेअकराला गच्चीचं कुलूप दुसऱ्या किल्लीने उघडलं. लॉकच्या कुठल्या कलमात बसतं?

जुनाखडू
ते हॉब्जकडे न्या.